कोर्स त्यांनी रद्द केला, तर फी पूर्ण परत मागायची

«मावशी, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. भंवरकुआजवळच्या एका संस्थेत डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या चार महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं. १२ मे ला रजिस्ट्रेशनचे ५,९०० यूपीआयने दिले आणि २० मे ला बाकीचे २३,६०० बँकेतून. दोन्हीच्या रसीद आहेत. बॅच १ जूनला सुरू होणार होती, ती १५ वर गेली आणि ११ जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की मुलं कमी आहेत, कोर्स कॅन्सल. तीन चकरा मारल्या. आधी म्हणाले पुढच्या बॅचला घेऊ. आता म्हणतात जीएसटी आणि रजिस्ट्रेशन कापून २०,००० देऊ. रसीदवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलंच आहे. पत्र कसं लिहू? आणि ते मूळ रसीद जोडा म्हणतायत, ती देऊ का?»

मूळ पावती देऊ नकोस. हे आधी सांगते, कारण बाकी सगळं चुकलं तर सुधारता येतं, पण हे चुकलं तर जड जातं. पत्राला दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स जोड. प्रत्येक झेरॉक्सवर «मूळ पावतीची खरी प्रत» असं लिहून खाली सही आणि तारीख टाक. मूळ बघायची असेल तर काउंटरवर येऊन दाखवीन, असं सांग आणि दाखवून परत पर्समध्ये ठेव. पावती त्या गुळगुळीत, पेट्रोल पंपावर मिळते तशा कागदावर छापलेली असेल तर आजच झेरॉक्स काढ आणि फोटोही घे. ती छपाई काही महिन्यांत उडून जाते आणि हातात कोरा कागद राहतो.

आता त्या पावत्या टेबलावर ठेव आणि माझ्याबरोबर वाच. मी एकोणीस वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब खात्यात बसत होते, तेव्हा अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची. ज्या पत्रात पावती क्रमांक नसायचा ते «बघून सांगतो» या ढिगात जायचं, आणि त्या ढिगातलं काही सहसा वर यायचं नाही. ज्यात क्रमांक, तारीख, रक्कम आणि पैसे कसे भरले हे चारही असायचं, त्याची स्थळप्रत आम्हाला पाच मिनिटांत काढता यायची. मग «आमच्याकडे नोंद दिसत नाही» असं म्हणायला जागाच उरायची नाही. म्हणून पत्राचा कणा म्हणजे पावती. तुला किती मनस्ताप झाला ते त्याच्या मागून येतं, आणि बहुतेक वेळा लिहावंही लागत नाही.

पावतीच्या माथ्यावर संस्थेचं नाव असेल. बोर्डावरचं नाव आणि हे नाव एकच आहे का बघ. बरेचदा बोर्डावर झगमगीत नाव असतं आणि पावतीवर कुठल्यातरी एज्युकेशन सर्व्हिसेसचं किंवा मालकाच्या फर्मचं. पत्र पावतीवरच्या नावाने जायला हवं, कारण पैसे त्याने घेतले. त्याच्याजवळ पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असेल. मध्य प्रदेशात नोंदणी असेल तर तो २३ ने सुरू होतो. हा क्रमांक services.gst.gov.in वर टाकला की नोंदणीचं खरं नाव आणि पत्ता समोर येतो, त्यासाठी लॉगिन लागत नाही. तोच पत्ता पत्रावर घाल. ऑफिस उद्या भंवरकुआहून दुसरीकडे हललं तरी नोंदणीचा पत्ता हातात राहील.

मग रक्कम. ५,९०० म्हणजे ५,००० फी आणि त्यावर १८ टक्क्यांनी ९०० कर. २३,६०० म्हणजे २०,००० आणि ३,६०० कर. दोन्ही मिळून २९,५००. पावतीवर हा कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा निम्मा, नऊ नऊ टक्क्यांनी फोडून दाखवलेला असेल. ते तुला २०,००० देतो म्हणतात, म्हणजे ९,५०० ठेवून घेणार आहेत. त्यातले ५,००० रजिस्ट्रेशनचे आणि ४,५०० कराचे. हे दोन आकडे वेगवेगळे बघायला हवेत, कारण दोन्हींची सबब वेगळी आहे.

कराची सबब मी खूप ऐकली आहे : जीएसटी सरकारला भरून टाकला, आता आम्ही कुठून देणार. समोरचा माणूस हे इतक्या खात्रीने सांगतो की आपल्यालाही पटतं. पण कायद्यात याची सोय केलेली आहे. आगाऊ पैसे घेतले, बिल अजून काढलं नाही आणि सेवा दिलीच नाही, तर संस्थेने रिफंड व्हाउचर, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे परत केल्याचा कागद, काढायचं असतं. बिल काढून झालं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे त्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद. दोन्हींत तो कर संस्थेला आपल्या पुढच्या देण्यातून वळता करून घेता येतो. क्रेडिट नोटचा हिशेब दाखवायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. तुझे पैसे यंदाच्या मे महिन्यातले, म्हणजे त्यांच्या हातात पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर संपेपर्यंत वेळ आहे. तुझ्या ४,५०० रुपयांमुळे संस्थेचं एक रुपयाचंही नुकसान होत नाही, त्यांच्या अकाउंटंटला एक नोंद जास्त करावी लागते एवढंच. तू त्यांच्याशी कराच्या कायद्यावर वाद घालू नकोस. पत्रात एकच वाक्य लिही की कराच्या रकमेसाठी संस्थेने नियमानुसार रिफंड व्हाउचर किंवा क्रेडिट नोट काढावी. ते वाक्य मालकाकडून अकाउंटंटकडे गेलं की त्याला लगेच कळतं, पत्र लिहिणारीला हे माहीत आहे.

रजिस्ट्रेशनचे ५,००० आणि तो छापील मजकूर, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. «फी परत मिळणार नाही» हे वाक्य विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर आपलं नुकसान होऊ नये म्हणून छापतात. तेही प्रत्येक वेळी ग्राहक आयोगात टिकतं असं नाही, पण तो वेगळा विषय. तू कोर्स सोडलेला नाहीस. त्यांनी तो घेतलाच नाही. ज्या सेवेसाठी पैसे घेतले ती दिली नाही, याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणतात. पावतीच्या तळाशी काहीही छापलं तरी त्या छपाईने ती त्रुटी पुसली जात नाही. रजिस्ट्रेशन कशाचं होतं, तर त्या बॅचमधल्या जागेचं. बॅचच नाही तर जागा कुठली?

इथे कोणी तुला सांगेल की शिक्षणाला ग्राहक कायदा लागत नाही. शाळा-कॉलेज आणि विद्यापीठांच्या बाबतीत तसे निकाल आहेत, ही गोष्ट खरी. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणाचा निकाल देताना कोचिंग संस्थांना त्यातून वेगळं काढलं. त्यांची तुलना नियमित शाळा-कॉलेजांशी होत नाही आणि त्यांच्या सेवेतल्या त्रुटी ग्राहक आयोगापुढे नेता येतात, असं त्यात म्हटलं आहे. फी घेऊन चार महिन्यांचा कोर्स शिकवणारी खाजगी संस्था याच बाजूला येते. हे पत्रात लिहू नकोस. पहिल्या पत्रात निकाल आणि कलमं भरली की पत्र सरळ वकिलाकडे जातं आणि महिना तिथेच जातो. तुझं पत्र अकाउंट खात्याकडे जायला हवं.

पत्राआधी आणखी एक काम. ११ जूनचा तो व्हॉट्सअ‍ॅप निरोप आत्ताच सांभाळ. ग्रुपवर आला असेल तर अ‍ॅडमिन तुला काढू शकतो, निरोप सगळ्यांसाठी पुसूही शकतो. स्क्रीनशॉट असा घे की पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चित्रात दिसेल, नुसतं वाक्य कापून घेऊ नकोस. १ जूनची बॅच १५ वर गेल्याचा निरोप असेल तर त्याचाही घे. मग दोन्हींची प्रिंट काढ. कोर्स कोणी रद्द केला याचा पुरावा हाच आहे. पावती फक्त पैसे दिल्याचं सांगते. हा निरोप गेला तर उद्या ते म्हणतील, मुलगी आलीच नाही.

आता पत्र. मी इथे मराठीत देते, पण तू हिंदीत लिही, नाहीतर इंग्रजीत. संस्थेत ते वाचणारा मराठी असेलच असं नाही, आणि पुढे आयोगात जोडायचं झालं तर भाषांतराची कटकट नको.

प्रति,
संचालक,
(पावतीवर छापलेलं पूर्ण नाव आणि पत्ता)

विषय : संस्थेने रद्द केलेल्या कोर्सची फी रु. २९,५०० परत करण्याबाबत

महोदय,

आपल्या संस्थेच्या डेटा अ‍ॅनालिटिक्स या चार महिन्यांच्या कोर्ससाठी मी दोन वेळा फी भरली. १२ मे रोजी रु. ५,९०० यूपीआयने, पावती क्र. ____, व्यवहार क्र. ____ आणि २० मे रोजी रु. २३,६०० बँक ट्रान्सफरने, पावती क्र. ____, यूटीआर क्र. ____. एकूण रु. २९,५०० (अक्षरी एकोणतीस हजार पाचशे फक्त), त्यात जीएसटी रु. ४,५०० धरलेला आहे.

कोर्स १ जून रोजी सुरू व्हायचा होता. तो १५ जूनपर्यंत पुढे गेला आणि ११ जून रोजी ____ या क्रमांकावरून «____» असा निरोप देऊन संस्थेने तो रद्द केला. कोर्सचा एकही तास झालेला नाही.

पुढील बॅचमध्ये प्रवेश घेण्याची माझी इच्छा नाही. कोर्स संस्थेने रद्द केला असल्याने रजिस्ट्रेशन किंवा जीएसटीपोटी कोणतीही कपात न करता पूर्ण रु. २९,५०० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावे. कराच्या रकमेसाठी संस्थेने नियमानुसार रिफंड व्हाउचर किंवा क्रेडिट नोट काढावी.

खातेदाराचं नाव, बँक व शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी : ____

मुदतीत रक्कम जमा न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

सोबत : दोन्ही पावत्यांच्या स्वसाक्षांकित प्रती, बँक स्टेटमेंटमधल्या दोन नोंदी, ११ जूनच्या निरोपाची प्रिंट, रद्द केलेल्या चेकची प्रत. मूळ पावत्या माझ्याकडे आहेत, मागितल्यास दाखवता येतील.

आपली,
(नाव, पत्ता, मोबाइल, सही, दिनांक)

यात तुझ्या तीन चकरा नाहीत, काउंटरवरच्या मुलाचं बोलणं नाही, हे मुद्दाम. ते वाचून समोरच्याला वाद घालायला विषय मिळतो आणि रक्कम बाजूला पडते. «सहानुभूतीने विचार व्हावा» हेही कुठे घालू नकोस. आपल्याकडे अर्ज लिहायची सवय अशी लागलेली असते की हक्काचे पैसे मागतानाही हात जोडले जातात, आणि मग समोरच्याला वाटतं, थोडं दिलं तरी चालेल. निरोपाचं वाक्य मात्र आला तसंच, त्यांच्याच शब्दांत उतरव. त्यात स्पेलिंग चुकलेलं असलं तरी सुधारू नकोस. यूटीआर म्हणजे बँक ट्रान्सफरचा व्यवहार क्रमांक, तो बँक स्टेटमेंटमध्ये बघ. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक अ‍ॅपच्या जुन्या व्यवहारांत मिळेल. तो पैसा मालकाच्या किंवा काउन्सेलरच्या वैयक्तिक नावाने गेलेला दिसला तरी घाबरू नकोस. संस्थेने त्याची पावती दिली, म्हणजे ते पैसे आपले म्हणून घेतले. वर्ष मात्र प्रत्येक तारखेत पूर्ण लिही.

पत्राच्या दोन प्रती कर. एक घेऊन काउंटरवर जा आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही माग. नुसतं «ठेवून जा» म्हणाले तर ठेवून येऊ नकोस. तिथून थेट जीपीओत जा आणि स्पीड पोस्टने पाठव, पोच मागून. २०२५ च्या सप्टेंबरपासून पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलं गेलं आहे, त्यामुळे खिडकीवर रजिस्टर्ड मागून गोंधळ होऊ देऊ नकोस. पाकीट «घेण्यास नकार» शेरा मारून परत आलं तर ते फोडू नकोस, बंदच ठेव. तेही तुझ्या बाजूचा कागद आहे. त्याच दिवशी हेच पत्र पीडीएफ करून त्यांच्या ईमेलवर टाक आणि त्याच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरही. मी अशी कितीतरी पत्रं बघितली आहेत जी चांगली लिहिलेली होती, पण पोचल्याची खूण नव्हती म्हणून लिहिणाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पत्र पोचलं की साधारण आठवड्याने फोन येतो. तिथे लोक हरतात, म्हणून हे नीट ऐक. फोनवर गोड बोलून सांगतील, मॅडम, या, चेक तयार आहे. तू जाशील. चेक २०,००० चा असेल आणि सोबत एक छापील कागद असेल, ज्यावर लिहिलेलं असेल की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम हिशेबापोटी मिळाली, यापुढे काही मागणं नाही. त्यावर सही केलीस तर ९,५०० गेले. सही करायचीच असेल तर स्वतःच्या हाताने लिही : «रु. २०,००० मिळाले, बाकी रु. ९,५०० ची मागणी कायम», आणि त्या कागदाचा फोटो घे. असं लिहू देत नसतील तर चेक घेऊ नकोस. परत ये आणि घडलं ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत ईमेलने कळव. पुढच्या तारखेचा चेक देत असतील तर तारीख नीट बघ, आणि ती तारीख आली की त्याच आठवड्यात बँकेत भर, कारण चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. खात्यात थेट जमा करायला सांगणं सगळ्यात बरं. त्यासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो. रिफंडसाठी ओटीपी सांगा किंवा क्यूआर स्कॅन करा असं कोणी म्हटलं तर फोन ठेव. पैसे घेण्यासाठी यातलं काहीच लागत नाही.

पंधरा दिवस गेले आणि काहीच आलं नाही, तर आधी १९१५ वर फोन कर. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हिंदीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून संस्थेकडे पाठवतात. त्यांना आदेश काढता येत नाही, पण पुष्कळ संस्था इथेच पैसे देऊन मोकळ्या होतात. तेही नाही झालं तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ऑनलाइन e-jagriti.gov.in वरूनही करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली की तक्रारीची फी लागत नाही. वकील घेतलाच पाहिजे असंही नाही, स्वतः उभं राहता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तुझी ती ११ जूनपासून मोजायची. तिथे मूळ रकमेवर व्याज, झालेला त्रास आणि खर्च हेही मागता येतं, आणि ते सगळं पत्रात आधी मागितलेलं नसलं तरी अडत नाही. या वेळी तुझ्या फाइलमध्ये दोन पावत्या, ११ जूनचा निरोप, पत्र आणि त्याची पोच एवढं असेल. आयोगालाही मुख्यतः हेच लागतं. तक्रार करायची वेळ आलीच तर संस्थेचं नाव जीएसटी नोंदणीत आहे तसंच अक्षर न अक्षर घाल.

आणि पैसे आले, तर खात्यात २९,५०० पूर्ण दिसेपर्यंत मूळ पावत्या हातातून सोडू नकोस. दोन हप्त्यांत आले तर दुसरा हप्ता येईपर्यंतही नाही. त्यानंतर ते मागतील तर दे, पण देण्याआधी दोन्ही पावत्यांवर «रक्कम परत मिळाली», तारीख आणि खात्यातल्या नोंदीचा क्रमांक लिही आणि त्याचा एक फोटो स्वतःकडे ठेव.